पासबुकाच्या फोटोतलं पान

पुणे, २९ मे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, पासबुकाचा फोटो मिळाला. फक्त पुढच्या वेळी तो मलाच पाठव. घरच्या ग्रुपवर टाकलास आणि वर खातेनंबर स्पष्ट दिसतोय. मामी लगेच विचारायला लागल्या, एवढेच शिल्लक का म्हणून!

तुझा पहिला प्रश्न त्या सहा हजारांचा. ७ तारखेच्या ओळीत BY TRANSFER-NEFT असं छापलंय, ते वाचून तुला वाटलं की आपल्याकडून सहा हजार गेले. उलट आहे. ते मीच पाठवलेले पैसे आहेत. बँकेच्या जुन्या हिशेबी इंग्रजीत BY म्हणजे जमा आणि TO म्हणजे नावे. शाळेतल्या इंग्रजीचा अर्थ इथे लावायचा नाही.

बाबांना हे पटकन कळेल, त्यांनी आडतीवर इतकी वर्षं किर्द लिहिली. गुळाची पट्टी झाली की शेतकऱ्याच्या नावावर रक्कम जमा, त्याने उचल घेतली की नावे. बँक म्हणजे आडतदार आणि आपण शेतकरी, एवढंच धरा. पासबुक ही त्यांच्या खतावणीतल्या आपल्या पानाची नक्कल आहे. म्हणून CR म्हणजे जमा, DR म्हणजे नावे. तरी शंका आली तर शेवटचा शिलकेचा रकाना बघायचा. त्या ओळीनंतर १,५९५ चे ७,५९५ झालेत, म्हणजे पैसे आलेच.

आता ते २९५ रुपये, ज्यांच्यावरून बाबा शाखेत भांडायला निघाले होते. ओळ आहे ६ तारखेची, ACH RTN CHG. ACH म्हणजे आपण एकदा सही करून दिलेल्या परवानगीवरून खात्यातून आपोआप जाणारा हप्ता. RTN म्हणजे तो परत गेला. CHG म्हणजे त्याबद्दलचा आकार. मागची ओळ बघा. ३ तारखेला औषधांचे ४५० गेले आणि शिल्लक राहिली १,८९०. बाबांच्या विम्याचा तिमाही हप्ता २,१५० चा, तो ५ तारखेला मागायला आला. २६० रुपये कमी पडले, म्हणून बँकेने हप्ता परत पाठवला आणि दंड लावला २५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ४५, मिळून २९५. माझे पैसे पोचले ७ तारखेला, दोन दिवस उशिरा. चूक माझीच.

यातली फसवी गोष्ट अशी, की हप्ता गेलाच नाही म्हणून त्याची ओळ पानावर नाहीच, दिसतो तो फक्त दंड. हप्ता परत पुन्हा मागायला येईलच असं धरून बसायचं नाही. तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, म्हणून काल रात्री मी तो इथूनच भरला. पावती बाबांच्या फोनवर आली असेल. आता मी दर महिन्याच्या १ तारखेलाच पैसे पाठवेन. तरी १ ते ५ तारखेच्या दिवसांत पिशवी घेऊन दुकानात जाण्याआधी शिल्लक बघत जा.

औषधांची ओळ तुला गचाळ वाटली: TO TRANSFER-UPI/DR/ आणि पुढे बारा आकडे. तो त्या व्यवहाराचा नंबर. फोनमधल्या पेमेंटच्या ॲपवर त्या दिवसाचा व्यवहार उघडलास की तोच नंबर UTR म्हणून दिसतो. दोन्ही जुळले की ते पैसे आपल्याच हातून गेलेले. अशी ओळ आहे आणि फोनमध्ये काहीच नाही, असं झालं तर मात्र थांबायचं नाही. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावायचा, मग बँकेला, मग मला.

२६ तारखेचे वीस रुपये PMSBY चे. तो सरकारी अपघात विमा, वर्षाला एकदा मे महिन्यात कापतात, १ जून ते ३१ मे चालतो. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख. बाबा ६८ चे आहेत, सत्तरीपर्यंत तो मिळतो, राहू दे. पण सोसायटीच्या बँकेतल्या दुसऱ्या खात्यातूनही वीस कापलेत का ते बघा. दोन ठिकाणी भरले तरी भरपाई एकाच खात्यावर मिळते, दुसरे वीस फुकट जातात.

बाबा, त्या दुसऱ्या पासबुकावर एप्रिलपासून नोंदीच नाहीत. बाजारच्या दिवशी छापून आणा आणि फोटो काढताना वरचा नंबर बोटाने झाका.

तुमचा,
बंड्या