काका, मला नेमा : कंपनी व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी ठाण्याचा कंपनी सेक्रेटरी. नौपाड्यात छोटं ऑफिस आहे आणि बहुतेक अशील वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचे. शेअर बाजारात नोंद नसलेल्या, पण कागदावर ‘पब्लिक लिमिटेड’ असलेल्या या घरगुती कंपन्या. भरणा झालेलं भांडवल 10 कोटी, उलाढाल 100 कोटी किंवा कर्ज 50 कोटींच्या वर, यांपैकी एकही रेषा ओलांडली की त्यांना कंपनी कायद्याच्या कलम 178 खाली नामांकन व मोबदला समिती नेमावी लागते. आम्ही तिला एनआरसी म्हणतो. संचालक म्हणून कोणाला घ्यायचं आणि वरिष्ठांचा पगार कोणत्या धोरणाने ठरवायचा, याची शिफारस तिने करायची. प्रत्यक्षात ती कशी चालते हे मी सांगू शकतो, कारण तिची इतिवृत्तं मीच लिहितो.

रबाळ्याची एक कंपनी घ्या, नाव देत नाही. उलाढाल 140 कोटी. मालकांच्या मुलाला पूर्णवेळ संचालक करायचं होतं. समितीत तिघे : एक निवृत्त बँक अधिकारी, एक निवृत्त प्राध्यापक आणि मालकांचे धाकटे भाऊ. किमान निम्मे सदस्य स्वतंत्र हवेत, ते होते. कंपनीच्या अध्यक्षाने समितीचं अध्यक्षपद घेऊ नये, तेही पाळलं होतं, कारण तिथे धाकटे भाऊ बसले होते. म्हणजे पुतण्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष त्याचे सख्खे काका! यात बेकायदा काही नाही. कायद्यातल्या ‘नातेवाइकां’च्या यादीत आई-बाप, भाऊ-बहीण, मुलं, सून, जावई आहेत, काका नाही. शनिवारवाड्यातल्या नारायणरावाची हाक ऐकलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं समजवायला नको.

समितीची सभा अकराला, बोर्डाची सव्वाअकराला. चहा आणि खारी येईपर्यंत ठराव झालेला होता. माझ्या मसुद्यात ‘उमेदवाराची पात्रता व अनुभव तपासून’ हे शब्द आदल्या रात्रीच टाइप झालेले. प्राध्यापकांनी एकच प्रश्न विचारला, “दुसरं कोणी बघितलं का?” काका हसून म्हणाले, “सर, घरचाच मुलगा आहे की.” इतिवृत्तात हा प्रश्न आला नाही. ती चूक माझी.

आता पगार. कलम 198 प्रमाणे मोजलेला निव्वळ नफा 6 कोटी. एकापेक्षा जास्त पूर्णवेळ संचालक असले की सगळ्यांचा मोबदला मिळून 10 टक्के, म्हणजे इथे 60 लाख. वडील 40 लाख घेत होते, मुलाला 24 ठरले. आदल्या वर्षी मॅनेजर म्हणून त्याला 9 मिळत. बेरीज 64 लाख, मर्यादेपेक्षा 4 लाख जास्त. ही मर्यादा ओलांडायला 1956 च्या जुन्या कंपनी कायद्यात केंद्र सरकारची परवानगी लागे. सप्टेंबर 2018 पासून भागधारकांचा विशेष ठराव लागतो, आणि तेवढाच पुरतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या मोठ्या कंपनीत हे योग्यच आहे, तिथे म्युच्युअल फंड विरोधात मत देऊ शकतात. इथे 82 टक्के शेअर एकाच घराचे. तीन-चतुर्थांश मतं जेवणाच्या टेबलावरच जमतात.

म्हणजे अशा कंपनीत बाहेरचा डोळा उरतो तो फक्त एनआरसीचा. उरलेले 18 टक्के शेअर जुने डीलर आणि निवृत्त कामगारांकडे आहेत. 9 चे 24 लाख का झाले, हे त्यांना कुठेही वाचायला मिळत नाही. संचालकांचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट, हे सांगण्याची सक्ती कलम 197 (12) फक्त शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांवर करतं. संचालक अहवालात धोरण छापलेलं असतं, पण तो मजकूर मी गेल्या वर्षीचाच चिकटवतो आणि माझ्या ओळखीचे बहुतेक जण तेच करतात.

सरकारी परवानगी परत आणा, असं मी म्हणत नाही. त्या फायलींसाठी मी दिल्लीच्या खेपा घातल्या आहेत. माझं मागणं लहान आहे. सेबीच्या नियमांत समितीचा अध्यक्ष स्वतंत्र संचालकच लागतो. तो नियम कलम 178 च्या सगळ्या कंपन्यांना लावा, म्हणजे काकांची खुर्ची सुटेल. पटीचा तो आकडाही त्यांना सांगायला लावा. आणि वार्षिक हिशेबासोबत, एओसी-4 या फॉर्मला जोडून, प्रत्येक नेमणुकीबद्दल चार ओळी मागा : नाव कोणी सुचवलं, आणखी किती नावं पाहिली, समिती आणि बोर्ड यांच्या सभा कधी व किती वाजता झाल्या, पगार कशाशी ताडून ठरवला.

‘आणखी किती नावं’ या रकान्यात रबाळ्याच्या कंपनीला शून्य लिहावं लागलं असतं. तरी मुलगा नेमला गेलाच असता, आणि तो लायक नाही असंही माझं म्हणणं नाही. पण त्या शून्याखाली सही करायची म्हटल्यावर बँक अधिकाऱ्यांनी खारी बाजूला ठेवून कागद एकदा वाचला असता.

आपला,
एक कंपनी सेक्रेटरी, ठाणे