पाणी सोडलेल्या गोण्या आणि धावून आलेले गवंडी

“दुकानदार परत घेत नाही, त्या पाच गोण्यांवर आता पाणी सोडा,” असं मुकादम म्हणाले. बिहारहून आलेल्या दोघा बिगाऱ्यांनी सिमेंटवर खरोखरच पाइप सोडला. रोज स्लॅबवर पाणी मारणाऱ्यांना त्यात वावगं वाटणार तरी कसं? मग दिवसभर दोघांच्या माना खाली.

शेजारच्या साइटवरच्या अनोळखी गवंड्यांनो, मनापासून आभार. तुम्ही गोण्या लगेच फाडल्यात, ओला थर बाजूला काढलात, आतलं कोरडं सिमेंट चाळून दिलंत. चिमटीत फुटत नाही तो खडा टाकायचा, कारण ते सिमेंट धरलेलं असतं, हेही दाखवलंत. चाळलेलं सिमेंट त्याच दिवशी फरशीखालच्या मालात संपवलं, स्लॅबला लावलं नाही. आणि ‘पाणी सोडा’ म्हणजे ‘आशा सोडा’, हे त्या दोघांना चहा पाजून समजावलंत, त्याबद्दल तर फारच आभार.