एथिकल हॅकिंगचा क्लास लावण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागले की वर्तमानपत्रात घालून येणाऱ्या पत्रकांमध्ये एथिकल हॅकिंगच्या, म्हणजे परवानगी घेऊन वेबसाइट-ॲपमधल्या त्रुटी शोधायला शिकवणाऱ्या, क्लासची पत्रके हमखास असतात. मी पुण्यात वेबसाइट आणि ॲपची सुरक्षा तपासण्याचे काम करतो, नव्या मुलांच्या मुलाखतीही घेतो. असे क्लास करून आलेली मुले मेहनती असतात; पण फाइलमधल्या बऱ्याच प्रमाणपत्रांना किंमत नाही, हे त्यांना आमच्यासमोर बसल्यावर कळते. तोवर घरच्यांचे पैसे गेलेले असतात.

नुकताच शेजारचा मुलगा असेच एक पत्रक घेऊन आला. चार महिन्यांचा कोर्स, फी ८५ हजार. १८ टक्के जीएसटी धरून १ लाख ३०० रुपये. वर ठळक अक्षरांत ‘सीईएच’, खाली बारीक अक्षरांत ‘अभ्यासक्रमावर आधारित’. सगळी मेख या दोन शब्दांत आहे. सीईएच ही ईसी-काउन्सिल या संस्थेची परीक्षा आहे: चार तास, १२५ बहुपर्यायी प्रश्न. ती देण्यासाठी व्हाउचर, म्हणजे परीक्षेला बसण्याचा विकत घ्यायचा कोड, लागतो आणि तो थोडक्या पैशांत येत नाही. क्लासला फोन करून विचारले, तेव्हा व्हाउचर फीमध्ये धरलेले नाही, असे उत्तर आले. म्हणजे लाखभर रुपये भरून हाती येणार ते क्लासने स्वतः छापलेले प्रमाणपत्र.

त्यावर क्यूआर कोड असतो, त्यामुळे पालकांना ते खरे वाटते. तो कोड स्कॅन करून कोणती वेबसाइट उघडते ते पाहावे. क्लासचीच वेबसाइट उघडली, तर क्लासच क्लासची साक्ष देतो आहे. परीक्षा ज्या संस्थेची, तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा तिने नेमलेल्या, ऑनलाइन प्रमाणपत्रे पडताळून देणाऱ्या बॅज-सेवेवर नाव दिसले, तरच ते खरे धरावे. पत्रकावरच्या आयएसओ ९००१ आणि उद्यम नोंदणीच्या शिक्क्यांनीही असाच गैरसमज होतो. पहिले संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असते. दुसरी ही लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी; ती कोणताही छोटा व्यवसाय ऑनलाइन, स्वयंघोषणेवर, फुकट करू शकतो. अभ्यासक्रमाच्या दर्जाशी दोन्हींचा संबंध नाही.

शिकवणे कसे आहे, हे डेमोत ओळखता येते. व्हॉट्सॲप हॅक करून दाखवणारा डेमो बहुतेक वेळा शिक्षकाने आपल्याच दुसऱ्या फोनवर आधी बसवून ठेवलेल्या ॲपचा असतो. टाळ्या पडतात, पण मुलगा काही शिकत नाही. चांगला शिक्षक साधे उदाहरण घेतो. समजा, सरावासाठी बनवलेल्या एका ऑनलाइन दुकानात लॉगिन करून आपले बिल उघडले आणि ब्राउझरमधल्या पत्त्याच्या ओळीत शेवटी १००१ दिसले. तिथे १००२ केले, तर दुसऱ्याचे बिल उघडले. एवढे दोन मिनिटांत होते. खरा तास त्यानंतर सुरू होतो. सर्व्हरने लॉगिन तपासले, पण हे बिल याच माणसाचे आहे का, हे का तपासले नाही? कोडमध्ये दुरुस्ती कुठे करायची? कंपनीला अहवालात हे कसे लिहायचे, धोका किती सांगायचा? मुलाखतीत आम्ही नेमके हेच विचारतो आणि वीस टूल्सची नावे पाठ असलेली मुले इथेच अडतात. म्हणून क्लासला एकच मागणी करावी: आधीच्या बॅचमधल्या एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलेला सराव-अहवाल दाखवा. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांनी तपासणी शिकवलेली नाही, फक्त टूल चालवायला शिकवले आहे.

शेजारच्या मुलाला मी आधी महिनाभर थांबायला सांगितले आहे. ‘ओव्हरदवायर’ या वेबसाइटवरचा ‘बँडिट’ हा खेळ लिनक्सच्या कमांड अगदी पहिल्यापासून शिकवतो. ‘पोर्टस्विगर’च्या ‘वेब सिक्युरिटी अकॅडमी’त वर सांगितलेल्या बिलासारख्या चुकांच्या सराव-प्रयोगशाळा आहेत. दोन्ही फुकट आहेत. भाषा इंग्रजी आहे, अडल्यावर सांगायला कोणी नसते, म्हणून काहींना क्लास लागतोच आणि त्यात गैर काही नाही. पण महिनाभर हे केलेला मुलगा डेमोला बसला, की समोरच्याला किती येते हे त्याचे त्यालाच समजते.

पालकांनी हप्त्यांची चौकशी वेगळी करावी. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे पुष्कळदा फायनान्स कंपनीचे कर्ज असते, तेही वडिलांच्या नावावर. क्लास मध्येच बंद पडला, तरी हप्ते कापले जात राहतात. सही करण्याआधी करारात कर्ज देणारा कोण, ते वाचावे. व्हाउचर फीमध्ये आहे का, मध्येच सोडल्यास किती पैसे परत मिळतील आणि ‘नोकरीची हमी’ म्हणजे नेमके काय, हे पावतीवर किंवा ईमेलवर लिहून घ्यावे. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करायची वेळ आली, तर हाच कागद पुढे करता येतो.

आपला,
एक वाचक, पुणे