सगळे मेसेज उडवायच्या आधी हे वाच

प्रिय स्वाती,

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा कुकर लावलेला होता आणि घाईत "थांब, काही डिलीट करू नकोस, मी लिहिते" एवढंच बोलून ठेवला, तर आता निवांत बसलेय. अकरा हजार मेसेज साचलेत म्हणालीस, निम्मे ओटीपी आणि बँकेचे, आणि सिलेक्ट ऑल करून एका फटक्यात उडवू का असं विचारलंस. नको गं. मी नेमकं हेच केलं होतं अण्णांच्या फोनवर, आणि त्याचं काय झालं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही.

आधी एक सांगते, फोनमध्ये जागा व्हावी म्हणून करत असशील तर काही होणार नाही. साधा मेसेज दीडशे-एकशेसाठ अक्षरांचा, अकरा हजार धरले तरी दोन-चार एमबी, म्हणजे तुझ्या गॅलरीतल्या एका फोटोएवढी जागा. मेसेज उडवायचे ते दुसऱ्या कारणासाठी. एक म्हणजे हवा तो सापडत नाही, आणि दुसरं, ज्या ज्या ॲपला तू कधीतरी घाईत मेसेज वाचायची परवानगी दिलीस त्याला तुझा पगार किती, बॅलन्स किती, हप्ता कुठे जातो हे सगळं ओळीने वाचता येतं. ती परवानगी आधी बघ, सेटिंगमध्ये परमिशन मॅनेजरमध्ये एसएमएस म्हणून आहे, नको त्यांची काढून टाक.

तर अण्णांचं. मागच्या वर्षी ३ मार्चला ते साताऱ्यात एटीएमवर गेले, काढायला दहा हजारांचा आकडा टाकला, मशीन घरघरलं, पैसे आलेच नाहीत आणि खात्यातून गेले. कापल्याचा मेसेज लगेच आला. दुसऱ्या दिवशी ४ तारखेला त्यांनी बँकेच्या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली, तिचाही मेसेज आला, त्यात तक्रार क्रमांक. पुढच्या रविवारी मी घरी गेले तर म्हणाले फोनमध्ये फार कचरा झालाय, जरा साफ करून दे. मी बँकेच्या नावाचे थ्रेड धरले आणि अख्खेच्या अख्खे उडवले. मला वाटलं पैशाचं सगळं पासबुकात असतंच की.

आणि ते खरंच होतं बघ, हेच मला नंतर कळलं. पैसे २१ मार्चला परत जमा झाले. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, एटीएममधून पैसे न येता खात्यातून कापले गेले तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. ३ मार्च अधिक ५ म्हणजे ८ मार्च, तिथून २१ पर्यंत १३ दिवस, म्हणजे १३०० रुपये. पैसे गेले ती तारीख आणि आले ती तारीख, दोन्ही पासबुकात छापून आल्या होत्या. म्हणजे पैसे कापल्याचा जो मेसेज उडवला म्हणून मी हळहळत होते त्याच्यावाचून काहीच अडलं नाही.

अडलं ते दुसऱ्या मेसेजवाचून. भरपाई काही जमा होईना म्हणून अण्णा शाखेत गेले, तिथल्या माणसाने विचारलं तक्रार कधी केली होती, नंबर काय. तो नव्हता. फोनवरच्या बाईंना तारीख सांगितली तर त्यांच्याकडे त्या तारखेची नोंद दिसत नव्हती. आता यातली गोम अशी की बँक ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, cms.rbi.org.in वर, पण त्याआधी बँकेकडे तक्रार करून ३० दिवस थांबलेलं असावं लागतं. ४ मार्चची तक्रार दाखवता आली असती तर ३ एप्रिलला मुदत संपत होती. ती दाखवता आली नाही म्हणून ४ एप्रिलला लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. शेवटी २८ एप्रिलला १३०० जमा झाले, पुढे जायची वेळ आली नाही, पण सत्तरीच्या माणसाला त्यासाठी तीनदा शाखेत जावं लागलं आणि त्या प्रत्येक फेरीला मला माझं ते बोट आठवत होतं, थ्रेडवर दाबून धरलेलं.

तेव्हापासून मी मेसेज उडवताना एकच बघते, हे दुसरीकडे कुठे लिहिलेलं आहे का. खात्यातून पैसे गेले, आले, पगार पडला, हप्ता कापला, हे सगळं स्टेटमेंटमध्ये असतं, आणि जुनं स्टेटमेंट बँकेकडून मागून मिळतं. ते मेसेज बिनधास्त उडव. स्टेटमेंटमध्ये जे कधीच येत नाही ते ठेव, तक्रारीचा नंबर, कार्ड ब्लॉक केल्याचा मेसेज, व्यवहार नाकारला गेल्याचा, ऑटोपे चालू केल्याचा किंवा बंद केल्याचा, कर्ज किंवा कार्ड बंद झाल्याचा. तुझ्या अकरा हजारांत असे फार तर पन्नास-साठ निघतील, आणि हो, ते शोधायला सगळे वाचत बसायचं नाही. मेसेज ॲपच्या वरच्या शोधपट्टीत एकेक शब्द टाकायचा, `complaint`, `blocked`, `declined`, `mandate`, `closed`, `reversed`. मी हे सहा टाकले आणि अण्णांच्या नव्या मेसेजांमधले कामाचे सगळे वीस मिनिटांत वर काढले.

सापडला की गुगलच्या मेसेजेस ॲपमध्ये त्या एका मेसेजवर बोट धरून ठेवलंस की तारा येतो, तो लाव. मग त्याच मेन्यूत तीन टिंबांखाली `View details` आहे, तिथे मेसेज आल्याची नेमकी वेळ दिसते, पासबुकात नुसती तारीख असते. स्क्रीनशॉट काढताना पाठवणाऱ्याचं नाव वर दिसू दे, नुसता मजकूर कापून ठेवलास तर तो कुणी पाठवला ते कळत नाही. मी ते स्वतःलाच मेल करते, विषयात तारीख आणि काम, `2025-03-04 ATM तक्रार` असं, म्हणजे फोन पाण्यात पडला तरी मेलमध्ये शोधला की मिळतो.

पाठवणाऱ्याच्या नावाचं अजून एक आहे, ते मला अण्णांच्या वेळी माहीत नव्हतं. एकाच बँकेचे मेसेज तुला तीन-चार वेगळ्या थ्रेडमध्ये दिसतील कारण नावाच्या सुरुवातीची दोन अक्षरं, `VM-` किंवा `JD-` वगैरे, ती कुठल्या कंपनीच्या नेटवर्कवरून आणि कुठल्या विभागातून आला त्याची असतात. म्हणून एका थ्रेडमध्ये तक्रारीचा मेसेज नाही सापडला तर नाहीच असं समजू नकोस, बाकीचे पण बघ. आणि २०२५ पासून नावाच्या शेवटी एक अक्षर येतं, `-P` म्हणजे जाहिरात, `-S` सेवेचा, `-T` व्यवहाराचा, `-G` सरकारी. `-P` वाले डोळे झाकून उडव, त्यात ठेवण्यासारखं मला तरी आजवर काही सापडलेलं नाही. `-S` आणि `-T` मध्ये मात्र ओटीपी, तक्रार, बॅलन्स सगळं एकत्र असतं, तिथे अख्खा थ्रेड कधीही उडवायचा नाही, एकेक मेसेज टिकमार्क करून. वेळ जातो, पण जाऊ दे.

आता ओटीपी. हे सगळ्यात जास्त असतात आणि दहा मिनिटांनी त्यांचा कुणालाच उपयोग नसतो, त्यामुळे हे हाताने पुसत बसू नकोस. मेसेजेसच्या सेटिंगमध्ये `Message organization` म्हणून आहे, त्यात २४ तासांनी ओटीपी आपोआप डिलीट करायचं बटण आहे, ते चालू कर. तुझ्या ताईचा आयफोन आहे ना, त्यात वेगळं आहे, पासवर्डच्या सेटिंगमध्ये `Delete After Use`, पण ते ऑटोफिलने भरलेले कोडच काढतं, हाताने टाईप केलेले तसेच राहतात. आणि ताईला सांग, आयफोनच्या `Keep Messages` मध्ये ३० दिवस निवडू नकोस, ते ओटीपी बघत नाही, सगळेच मेसेज काढतं, तक्रारीचे सुद्धा.

पण या आपोआप डिलीटमध्ये एक धोका आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. तू काहीच न करता ओटीपी आला, म्हणजे रात्री अकराला टीव्ही बघतेयस आणि पेमेंटचा ओटीपी, तर कुणीतरी तुझा कार्ड नंबर कुठेतरी टाकून बघतंय. तो मेसेज २४ तासांत निघून जाईल. म्हणून न मागता आलेल्या ओटीपीचा तिथल्या तिथे स्क्रीनशॉट काढ, कार्ड ब्लॉक कर, आणि ब्लॉक झाल्याचा मेसेज पण ठेव. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन आणि बँकेला कळवणं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक तुझी नाही, बँकेचीही नाही, मधल्या कुणाची आहे, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत तू कळवलंस, तर नुकसान तुझ्या अंगावर येत नाही. ४ ते ७ कामाचे दिवस झाले तर थोडं येतं. म्हणजे मोजणी सुरू होते ती त्या मेसेजपासून, आणि तू कधी कळवलंस हे सांगतो तो तक्रारीचा मेसेज. हे दोन जोडीने ठेवायचे. ओटीपी तूच कुणाला सांगितलास तर मात्र ही सूट नाही, कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

उडवायच्या आधी एकदा सगळ्याची कॉपी काढून ठेव. SMS Backup & Restore नावाचं ॲप आहे, ते सगळे मेसेज एका फाईलमध्ये काढून देतं. ती फाईल पेन ड्राईव्हवर घे आणि फोनमधून काढ, कारण तिच्यात सगळे बॅलन्स आहेत, कुठे फॉरवर्ड व्हायला नको. काम झालं की ॲप पण काढून टाक. चार-सहा महिने काही लागलं नाही तर मग फाईल पण गेली तरी चालेल.

आणि स्वाती, तू गेल्या दिवाळीला ते क्रेडिट कार्ड बंद केलंस ना, ज्याची वार्षिक फी दोनदा लावली होती. आज रात्री बाकी काही नको, आधी `closed` टाकून तो मेसेज शोध. मिळाला तर स्क्रीनशॉट मला पण पाठव. नाही मिळाला तर उद्याच बँकेला मेल करून कार्ड बंद झाल्याचं आणि काही बाकी नसल्याचं लेखी मागून घे, मजकूर लागला तर मी लिहून देते.

अण्णा आता बरे आहेत, तुझी आठवण काढत होते. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मीना