सीलिंगच्या कोटेशनबद्दल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

पीओपीवाल्याचं कोटेशन आणि हॉलचा नकाशा दोन्ही पाहिले. हो म्हणण्याआधी माझं ऐक. इतकी वर्षं साइटवर सुपरव्हिजन केल्यावर एवढा हक्क मला आहे.

तुमचा हॉल 16 बाय 11, स्लॅबची उंची 9 फूट 2 इंच. त्याने आधी पूर्ण 176 चौरस फुटांना 4 इंच खाली जिप्सम बोर्ड धरलाय आणि भिंतीकडेने दीड फुटांचा पट्टा आणखी 5 इंच खाली. त्या पट्ट्यात कोव्ह, म्हणजे काठाआड लाइट लपवून त्याचा उजेड छतावर टाकणारी खाच. म्हणजे मधलं सीलिंग आणि पट्टा यांत अंतर 5 इंच. त्यातले 3 इंच लाइटची पट्टी लपवणाऱ्या उभ्या काठात जाणार. उरतात 2. एवढ्याशा फटीतून उजेड पसरत नाही, कडेने एक झगझगीत रेघ उमटते आणि मधलं छत काळोखंच राहतं. ज्यांच्या घरी कोव्ह लावूनही "मजा नाही आली" असं म्हणतात, तिथे बहुतेक वेळा फट अरुंद असते. मी 6 इंचांच्या खाली जाऊ देत नाही.

आता त्याच उंचीत काय करता येतं बघ. मधलं सीलिंग काढूनच टाक. पट्टा आहे तिथेच, 8 फूट 5 इंचांवर ठेव. स्लॅबपासून तो 9 इंच खाली येतो, काठाचे 3 गेले की फट पूर्ण 6 इंच. मधला 13 बाय 8 चा भाग, म्हणजे 104 चौरस फूट, त्याच्या 110 रुपयांच्या दराने 11,440 रुपये वाचले. पंखाही थेट स्लॅबच्या हुकला राहतो. फक्त एक बघ. कोव्हचा उजेड छताला घासत जातो, त्यामुळे स्लॅबच्या प्लास्टरमधला प्रत्येक उंचवटा दिसतो. वाचलेल्या पैशातले थोडे तिथल्या पुट्टीवर घाल. पुट्टी घासताना लाइटची पट्टी, म्हणजे स्ट्रिप, तात्पुरती जोडून पेटवायला लाव, दिवसाच्या उजेडात "एकदम सपाट" म्हणणारे रंगारी मग मुकाट्याने पुन्हा घासतात. रंग मॅटच हवा. चकचकीत रंगात स्ट्रिपचे ठिपके आरशासारखे दिसतात.

पट्ट्याच्या आतल्या कडेची लांबी 42 फूट, म्हणजे साधारण 13 मीटर स्ट्रिप. ती 24 व्होल्टची घे. 12 व्होल्टची एकाच टोकाने लांबवर ओढली की पुढे पुढे मंद होत जाते. तीन तुकडे करून प्रत्येकाला वेगळी वायर द्यायला सांग. मीटरला 10 वॉट धरले तर 130 वॉट होतात, स्ट्रिपला वीज पुरवणारा ड्रायव्हर 160 च्या आसपासचा हवा, पूर्ण भारावर चालवला की लवकर जातो. तो काठाशी, शिडीवरून हात पोचेल असा ठेव. बोर्डच्या आत कोंबून वर पुट्टी मारली, तर बिघडल्या दिवशी सीलिंग कापावं लागेल. उजेड 3000 केल्विनचा, पिवळसर.

बेडरूमचं मात्र मला पटत नाही. तिथे बाल्कनी आत घेतल्यामुळे मधोमध बीम आलाय, आणि तो लपवायचा म्हणून सगळं सीलिंग बीमच्या खालपर्यंत आणायचं म्हणतोय. बीम 15 इंचांचा. फ्रेम आणि बोर्ड धरून उंची 7 फूट 9 इंच उरेल. पंख्याची पाती त्याच्याही खाली, आणि जावईबापू अंथरूण झटकायला उठले तरी हात पात्यांना लागेल. शिवाय वरच्या घराचं बाथरूम नेमकं तुमच्या बेडरूमच्या कोपऱ्यावर आहे. गळती सुरू झाली तर उघड्या स्लॅबवर डाग लगेच दिसतो. बोर्ड असला तर तो भिजून फुगेपर्यंत कळतही नाही.

बीम उघडाच राहू दे, भिंतीच्या रंगात रंगव. तिथे पडद्याच्या वर दहा फुटी प्लायची पेल्मेट करून आत 3 मीटर स्ट्रिप टाक, उजेड पडद्यावरून खाली उतरेल. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. वाचायला मात्र पलंगाशी वेगळा दिवा लागेलच. कोव्हच्या उजेडात अक्षर नीट दिसत नाही, हॉलमध्येही नाही, हे आत्ताच धरून चाल.

एवढं ठरवायच्या आधी एक करा. 5 मीटरची स्ट्रिप आणि अ‍ॅडॅप्टर आणून हॉलमधल्या कपाटाच्या वर ठेवा, तोंड छताकडे. दोन-चार रात्री तसाच उजेड वापरून बघा. तिसऱ्या दिवशी ट्यूब लावून बसलात, तर हॉलचंही रद्द करा.

आणि कोटेशनमध्ये "उभा भाग वेगळा, रनिंग फुटावर" असं बारीक अक्षरात लिहिलंय, त्याचा दर त्याच्याकडून आधी लिहून घे.

तुझी,
आई