घसा बरा झाला, तरी गोळ्या दहा दिवस

महोदय,

स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा सुजलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला डॉक्टर पेनिसिलिनच्या गोळ्या दहा दिवसांसाठी देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, गिळताना दुखत नाही आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. पण घशात जंतू अजून शिल्लक असतात.

या जंतूच्या आवरणावरील 'एम' प्रथिनाचा काही भाग हृदयस्नायूतील मायोसिन या प्रथिनासारखा असतो. जंतूविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांना आणि पेशींना हे साम्य फसवते, आणि त्या हृदयाच्या झडपांवरही हल्ला करतात. हाच संधिवाताचा ताप. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो. तो ओसरतो न ओसरतो तोच घोटा धरतो. पालकांना वाटते, खेळताना लागले असेल. सांधे पूर्ण बरे होतात, पण मायट्रल झडप कायमची आखडू शकते. तेव्हा अशा फिरत्या सांधेदुखीत हृदय तपासून घ्यायलाच हवे.

उपचाराला थोडा उशीर झाला तरी हरकत नाही: घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केले, तरी संधिवाताचा ताप बहुधा टळतो. गोळ्या पूर्ण होण्याची खात्री नसेल, तर बेंझाथीन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते. सर्दी-खोकल्यासह येणारी घसादुखी मात्र बहुतेकदा विषाणूंची. तिला प्रतिजैविक नकोच.

– एक बालरोगतज्ज्ञ