ठिपके ताणले की रांगा बदलतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर गेस्टाल्टच्या नियमांवरचा, म्हणजे डोळा सुट्या गोष्टींचे गट कसे बांधतो यावरचा, लेख वाचला. सोपी चित्रं काढून हा विषय मुलांसमोर आणावा असं आपल्याला वाटलं, याबद्दल आधी मनापासून आभार. मी तीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांत चित्रकला शिकवली. हा विषय पेपरात आलेला पाहून मला झालेला आनंद पहिल्या आकृतीपर्यंत टिकला.

आकृतीत सहा गुणिले सहा ठिपके आहेत. खाली छापलंय, ‘जवळजवळचे ठिपके एकत्र दिसतात, म्हणून इथे आपल्याला आडव्या रांगा दिसतात.’ मला उभ्या दिसल्या. चष्मा पुसला, पान लांब धरलं, तरी उभ्याच. शेजारची चौथीतली मुलगी आली होती, तिला नुसती आकृती दाखवली. ती म्हणाली, ‘उभ्या.’ मग तिने खालची ओळ वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘माझं चुकलं काय आजोबा?’ या एका प्रश्नामुळे मी हे पत्र लिहितोय. तिचं काहीही चुकलं नव्हतं. तिच्या डोळ्याने नियम अचूक पाळला होता.

मी फूटपट्टी घेऊन आकृती मोजली. ठिपक्यांचे मध्य आडवे १२ मिलिमीटरवर आणि उभे ८ मिलिमीटरवर आहेत. वरचा-खालचा ठिपका जवळ, शेजारचा लांब, तेव्हा रांगा उभ्याच दिसणार. मग खालची ओळ अशी का? उत्तर ठिपक्यातच आहे. ठिपके गोल नाहीत, तांदळाच्या दाण्यासारखे आडवे आहेत, ४ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर उंच. लेखकाने ते गोलच काढले असणार, म्हणजे पान लावताना चित्र रुंदीत दुप्पट ताणलं गेलं. मूळ चित्रात आडवं अंतर ६ आणि उभं ८ होतं, आणि तिथे आडव्या रांगाच दिसत असणार. लेखक बरोबर होता. दोन कॉलमांची जागा भरायला चित्र ओढलं आणि नियम छापताछापताच उलटा झाला. कोणी म्हणेल की आडव्या ठिपक्यांच्या कडा एकमेकांजवळ येतात, त्याचं काय? तेही मोजलं. कडेपासून कडेपर्यंत आडवी फट ८, उभी ६. उभ्याच रांगा जिंकतात.

चित्र मोठं-लहान करायला माझी हरकत नाही. ते चारी बाजूंनी सारखं मोठं केलं तर ६ आणि ८ चे १२ आणि १६ होतील आणि आडव्या रांगा आडव्याच राहतील, कारण डोळा किती मिलिमीटर ते पाहत नाही, एका अंतराच्या मानाने दुसरं किती ते पाहतो. हेच अंगणात रांगोळीचे ठिपके घालून दाखवता येतं. आपल्या ठिपक्यांच्या कागदाला भोकं सारख्या अंतरावर असतात. आडवं आणि उभं अंतर सारखं म्हणजे कुठल्याच दिशेला झुकतं माप नाही, म्हणून त्या ठिपक्यांकडे बघताना कधी आडवं, कधी उभं, कधी तिरपं दिसत राहतं. त्याच ठिपक्यांतून एक बाई कमळ काढते, दुसरी कासव काढते. आता आडवे ठिपके जरा जवळ जवळ घाला. रेघ ओढायच्या आधीच आडव्या ओळी उठून दिसतात.

मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली हे नियम मांडले, तेव्हा त्यानेही साधे ठिपके आणि रेघाच घेतल्या होत्या. ठिपक्याला अर्थ नसतो, आठवण नसते. त्यामुळे तिथे जे एकत्र दिसतं ते अंतर, सारखेपणा अशा मांडणीतल्या गोष्टींमुळेच दिसतं. अशा विषयात चित्र हाच पुरावा असतो, आणि आपण पुरावाच ताणलात.

सारखेपणाच्या नियमाला लेखात दोन ओळी मिळाल्यात आणि पुढे असं वाक्य आहे की ‘सारख्या वस्तू नेहमी एकत्र दिसतात’. नेहमी नाही. मी वर्गात चिंचोके आणि लहान पांढरे शिंपले वापरायचो. सगळीकडे सारखं अंतर ठेवून एक उभी रांग चिंचोक्यांची, एक शिंपल्यांची, अशा सहा रांगा मांडायच्या. अंतर कोणाचीच बाजू घेत नाही, म्हणून रंग निर्णय देतो आणि उभ्या रांगा दिसतात. आता उभं अंतर तसंच ठेवायचं आणि रांगा बाजूने एकमेकींकडे थोड्या थोड्या सरकवत जायचं. सुरुवातीला काही फरक पडत नाही. मग एक वेळ अशी येते की चिंचोका आणि त्याच्या अगदी शेजारचा शिंपला मिळून आडवी ओळ दिसायला लागते. ही वेळ प्रत्येक मुलाला वेगळ्या अंतरावर येते, वर्गात त्यावरून भांडण लागतं, आणि ते लागू द्यावं. दोन नियम समोरासमोर आले की कुठला जिंकेल हे त्या त्या वेळचं अंतर आणि रंगातला फरक ठरवतो. चिंचोक्याऐवजी करड्या रंगाचा शिंपला घेतला तर रंग आणखी लवकर हरतो.

तुटक आकृती पूर्ण दिसते, या पूर्तीच्या नियमाला तर चित्रच नाही. त्याचं एक सोपं चित्र सांगतो. कंसाची आठ चिन्हं एका ओळीत काढा, पहिला उघडणारा, दुसरा बंद होणारा, तिसरा पुन्हा उघडणारा, असे. तोंडाला तोंड असलेल्या दोघांत १० मिलिमीटर ठेवा, पाठीला पाठ असलेल्या दोघांत ५. जवळ आहेत पाठीवाले, पण बहुतेकांना जोड्या तोंडवाल्यांच्या दिसतात, कारण ते दोघे मिळून आत एक जागा कोंडून धरतात. आता तेच १० चे ४० करा. कोंडलेली जागा विरते आणि पाठीवाले जोडीदार होतात. ‘मन अर्धवट आकृती पूर्ण करतं’ एवढंच छापल्यावर मुलांना वाटतं की मन कुठलीही फट भरतं. ते तसं नाही.

आता ज्या गोष्टीचा मला जास्त राग आहे तिच्याकडे येतो. आपल्या पेपरात रोज आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा येतात. आमच्या वाडीत पेपरातलं बाकी काही वाचलं नाही तरी ते वाचतात. गेल्या महिन्यात त्या कोष्टकाची मांडणी बदलली. तारीख अगदी डावीकडे, वेळा पार उजवीकडे, मध्ये पांढरी जागा आणि उभ्या रेघा. मी मोजलंय. एका रकान्यापासून दुसरा १८ मिलिमीटरवर आणि एका ओळीपासून दुसरी ४ मिलिमीटरवर. म्हणजे आपल्याला वाचायचं असतं आडवं, आणि अंतर डोळ्याला ओढतं उभं. तारखेवरून निघालेला डोळा १८ मिलिमीटर पांढऱ्यातून जातो आणि पलीकडे वरच्या किंवा खालच्या ओळीवर उतरतो.

आमच्या शेजारच्या काकी तिसऱ्या काढायला खाडीत जातात. अमावास्येनंतरचा दुसरा दिवस होता. त्या दिवशीची सकाळची ओहोटी ६:३५ ची होती आणि त्याखालच्या ओळीत, म्हणजे दुसऱ्या दिवसाची, ७:१५. ओहोटी रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जाते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास त्याहून थोडी कमी. म्हणजे ओळ चुकली तर पाऊण तासाच्या आसपास चूक ठरलेली. काकींनी ७:१५ वाचलं. साडेसहाला त्या पुळणीवरून खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या हिशेबाने पाणी अजून पाऊण तास ओसरणार होतं आणि मग कुठे वळणार होतं. प्रत्यक्षात ते पाच मिनिटांत वळलं. त्या वाकून चिखल उकरत होत्या, पाठ किनाऱ्याकडे. परत निघाल्या तेव्हा मधल्या वहाळात कमरेएवढं पाणी होतं. टोपली डोक्यावर घेऊन त्या आल्या खऱ्या, पण टोपलीत अर्ध्याहून कमी माल होता आणि साडी चिखलाने जड झाली होती. घरी येऊन त्यांनी मला पेपर दाखवला आणि म्हणाल्या, ‘मास्तर, पेपरात बघूनच गेले मी.’ त्या बघूनच गेल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही किंवा त्यांचं लक्ष नव्हतं असं कोणी म्हणू नये. त्या चौथीतल्या मुलीचंही चुकलं नव्हतं आणि काकींचंही नाही.

हे दुरुस्त करायला नवी जागा लागत नाही. रकाने जवळ आणा, १८ चे ६ करा. उजवीकडे जी जागा मोकळी होईल ती तशीच राहू द्या, ती वाया गेली असं समजू नका. ओळींमधलं अंतर ४ वरून ८ करता आलं तर फारच उत्तम. ते जमत नसेल तर एकाआड एक ओळीमागे फिकट करडा पट्टा टाका. एका पट्ट्यात बसलेल्या गोष्टी लांब असल्या तरी एकत्र दिसतात, हेही गटबांधणीचंच एक तत्त्व आहे, आणि मानसशास्त्रज्ञ स्टीफन पामर यांनी ते १९९२ मध्ये वेगळं मांडलं. पट्टा मात्र इतका गडद नको की आकडे वाचता येणार नाहीत. आपला कागद शाई पसरवतो आणि पावसाळ्यात आमच्याकडे पेपर दमट होऊनच येतो. पट्टा नको असेल तर प्रत्येक ओळीखाली एक बारीक रेघ तरी ओढा. आणि ओळींमध्ये नसून रकान्यांमध्येच ज्या उभ्या रेघा आपण सध्या छापता त्या आधी काढा. त्या डोळ्याला आणखी खाली ढकलतात.

बरोबर झालं की नाही हे पारखायची एक रीत आहे. कोष्टक छापायच्या आधी डोळे किलकिले करून हातभर लांबून पाहा. आकडे वाचता येणार नाहीत, फक्त करडे पट्टे दिसतील. ते आडवे दिसले तर छापा. उभे दिसले तर थांबा.

सोबत एका कागदावर सहा गुणिले सहा ठिपके काढून पाठवतोय, आडवं अंतर ६, उभं ८, ठिपका गोल, २ मिलिमीटरचा. कागदाच्या पाठीमागे कंसांची ओळ आहे. येत्या रविवारी मुलांच्या पानावर ही आकृती दुरुस्ती म्हणून छापावी आणि मागच्या आकृतीत उभ्या रांगा दिसल्या त्या मुलांचं बरोबर होतं, हे त्याखाली स्पष्ट लिहावं. मी तो अंक त्या मुलीला दाखवणार आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
(जि. रत्नागिरी)